थोबाडीत बसल्यासारखी दिसावी, बसू नये

*दादा, नमस्कार. कॉलेजच्या एकांकिकेचं दिग्दर्शन मी करतेय. शेवटच्या प्रसंगात थोरला भाऊ धाकट्याच्या थोबाडीत मारतो, त्याला ढकलतो आणि धाकटा दोन फूट उंचीच्या लेव्हलवरून मागच्या मागे खाली पडतो. गेल्या आठवड्यात तालमीत थोबाडीत खरीच बसली. धाकट्याचं काम करणाऱ्याच्या कानात दोन दिवस गुंई असा आवाज येत होता. तरी दोघंही म्हणतात की खरं मारल्याशिवाय खरं वाटत नाही. आमच्याकडे फाइट मास्टर नाही आणि प्रयोगाला अठरा दिवस उरलेत. हा प्रसंग कसा बसवू? आणि ऐन प्रयोगात एखादा तयार नसेल किंवा त्याला लागलं, तर प्रेक्षकांना न कळता एकमेकांना सांगायचं कसं?*

*— एक दिग्दर्शिका*

सगळ्यात आधी त्या मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे पाठव. आवाज थांबला असला तरी पाठव. थोबाडीत मारताना तळवा थोडासा वाकडा होऊन कानावर बसला, तर कानाच्या भोकातली हवा एकदम आत दाबली जाते आणि पडद्याला भोक पडू शकतं. मी हे ऐकीव सांगत नाही. कॉलेजात असताना माझ्याच कानाचा पडदा असा फाटला होता. मारणारा माझा जिवलग मित्र होता आणि आम्हीही तुमच्यासारखेच ‘खरं’वाले होतो. अशी लहान भोकं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात, पण तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि मनाने कसलेही थेंब घालायचे नाहीत. ऐकू कमी येत असेल, कानातून काही वाहत असेल किंवा गरगरत असेल, तर आजच जायला सांग.

आता त्या दोघांचा मुद्दा. थोबाडीत बसली हे प्रेक्षकाला तीन गोष्टींवरून कळतं: मागे गेलेला हात दिसतो, फटकन आवाज येतो आणि मान फिरते. हात गालाला लागला की नाही, हे पाचव्या रांगेतून कोणालाच दिसत नाही. उलट खऱ्या मारात या तिन्ही गोष्टी बिघडतात. मित्राला मारायचं म्हणून मारणाऱ्याचा हात शेवटच्या क्षणी कचरतो. आवाज कधी फटकन येतो, कधी नुसताच थप्प. आणि मार खाणाऱ्याला एकदा लागलं की पुढच्या तालमीपासून तो हात उठायच्या आधीच डोळे मिटतो. धाकटा नेमका कधी डोळे मिटतो ते येत्या तालमीत बघ, म्हणजे माझं म्हणणं पटेल. नाट्यशास्त्रातही रंगमंचावरचा प्रहार नुसत्या संज्ञेने, म्हणजे खुणेने दाखवावा, उघड घाव घालू नये, असं सांगितलं आहे. म्हणजे हा वाद तुमच्या ग्रुपपेक्षा बराच जुना आहे.

दुसरी गोष्ट, लेव्हलवरून पडणं काढून टाक. यावर घासाघीस नको. मागच्या मागे पडताना माणसाला जमीन दिसत नाही, ती कधी येणार हे त्याला पायाच्या अंदाजाने ठरवावं लागतं. सपाट जमिनीवर तो अंदाज शिकवता येतो. पण कडेवरून पाय निसटला की पायाखाली काहीच उरत नाही आणि पडण्यावरचा ताबा तिथेच संपतो. शिवाय दोन फूट उंची पायाला असली तरी डोक्यासाठी ती माणसाची उंची अधिक दोन फूट होते. उंचावरून पडणं, जिन्यावरून गडगडणं, गळा आवळणं आणि कुठलंही हत्यार, अगदी बोथट लाकडीसुद्धा, या गोष्टी शिकलेला माणूस समोर असल्याशिवाय बसवायच्या नाहीत. पत्र वाचून तर मुळीच नाहीत.

पण लेव्हल वाया जाऊ देऊ नकोस. भांडण वर सुरू होऊ दे. थोरला पुढे येतोय आणि धाकटा मागे सरकण्याऐवजी वळून, पायाखाली बघत, स्वतः खाली उतरतो. उंचीवरून उतरणं ही त्याची माघार झाली आणि ती दिसायलाही चांगली दिसते. थोरला त्याच्या मागून उतरतो. मारामारी खाली, रंगमंचाच्या मध्यावर होते. धाकटा आडवा झाल्यावर त्याचं डोकं जिथे येईल, तिथून पुढे आणखी चार फूट जागा मोकळी हवी. लेव्हलची कड, खुर्ची, टेबल यातलं काहीही त्या चार फुटांत येता कामा नये. मारामारीत माणसं मोकळ्या जमिनीवर जेवढी जखमी होतात त्याहून जास्त फर्निचरवर आपटून होतात, असं माझं मत आहे.

आता थोबाडीत. धाकट्याला प्रेक्षकांकडे पाठ करून उभा कर आणि थोरल्याला त्याच्या बरोबर समोर, आतल्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून. म्हणजे प्रेक्षकांना थोरल्याचा चेहरा आणि राग दिसतो, पण त्याचा हात आणि धाकट्याचा गाल यांच्यामधली फट धाकट्याच्याच डोक्याआड झाकली जाते. थोरल्याने उजवा हात सरळ पुढे करावा. त्याची बोटं धाकट्याच्या गालापासून निदान एक वीत लांब राहिली पाहिजेत. हे अंतर ठरलं की दोघांच्या पुढच्या पावलांशी जमिनीवर टेपच्या खुणा कर. वीतभर अंतर जास्त वाटेल, पण प्रयोगाच्या दिवशी अंगात आल्यासारखं होतं, माणसं पुढे झुकतात आणि अंतर आपोआप घटतं. वीत ठेवलीस तर त्या दिवशी चार बोटं तरी उरतील. मारताना थोरल्याने पाऊल पुढे टाकायचं नाही आणि कमरेतून झुकायचंही नाही.

हात चेहऱ्याच्या दिशेने जात नाही, चेहऱ्यासमोरून आडवा जातो. हवेत टांगलेली चादर तळव्याने पुसतोय असं समज. उंची गालाची, बोटं जुळलेली पण सैल. थोरल्याचा उजवा हात धाकट्याच्या डाव्या गालासमोरून जातो, म्हणून धाकट्याची मान त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला फिरली पाहिजे. हे सोपं वाटतं, पण घाईत निम्मी मुलं मान उलटीकडे फिरवतात आणि मग प्रेक्षकांत खसखस पिकते. मान फिरवायची म्हणजे झटका द्यायचा नाही. हनुवटी खांद्याकडे जाते आणि तिच्यापाठोपाठ खांदा. मानेला झटके देऊन देऊन ती धरते आणि मग पडताना हनुवटी छातीशी टेकवणं जड जातं.

आवाज धाकटा काढतो. त्याची प्रेक्षकांकडे पाठ असल्यामुळे छातीसमोर त्याने वाजवलेली एक टाळी कोणाला दिसत नाही. कोपरं मात्र अंगाला चिकटलेली हवीत, बाहेर आली की चोरी उघडी पडते. हात गालासमोरून जातो त्याच क्षणी टाळी वाजते आणि मान वळते. टाळी आधी वाजली तर हसू येतं, उशिरा वाजली तर त्याहून जास्त. सपाट तळव्यांची टाळी फटकन वाजते, पोकळ तळव्यांची बोदी वाजते. दोन्ही करून बघा आणि मागच्या रांगेत बसून तू ठरव. तिथून उठून अगदी डावीकडच्या आणि अगदी उजवीकडच्या टोकाच्या खुर्चीवरही बस. बाल्कनी असेल तर वर जा. कडेच्या खुर्चीवरून फट दिसत असेल तर दोघांना मिळून थोडंसं फिरव. पण एका बाजूची फट झाकताना दुसऱ्या बाजूची उघडी पडते, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं पुन्हा तपास.

इथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आलंच. मारणारा आणि मार खाणारा यांच्यात लगाम मार खाणाऱ्याच्या हातात असतो. क्रम असा ठेव. थोरला धाकट्याच्या डोळ्यांत बघतो. धाकटा त्याच्याकडे बघतो. थोरला हात मागे नेतो, आणि नेऊन थांबतो. धाकटा टाळीसाठी दोन्ही हात छातीसमोर आणतो. ते छातीसमोर आलेले हात म्हणजे त्याचा होकार. तो फक्त थोरल्याला दिसतो, प्रेक्षकांना नाही. होकार दिसला की हात सुटतो. दिसला नाही तर सुटत नाही, मग कितीही रंग चढलेला असो.

होकार आला नाही तर काय करायचं, हेही आधीच बसवून ठेव. उगारलेला हात हवेत थरथरतो, मूठ वळते, हात खाली येतो आणि थोरला पुढचं वाक्य दातओठ खात बोलतो. धाकटा तरीही मान फिरवून बाजूला होतो. खरं सांगायचं तर ही न मारलेली थोबाडीत कधी कधी मारलेलीपेक्षा जास्त लागते. माझ्या एका प्रयोगात चुकून तसं झालं आणि पुढच्या प्रयोगापासून दिग्दर्शकाने तेच कायम ठेवलं. ही दुसरी वाट पहिल्या वाटेइतक्याच वेळा तालमीत घोटून घ्या. नाहीतर ऐन वेळी थोरला गोंधळून मारूनच मोकळा होईल.

मग ढकलणं. थोरल्याने दोन्ही तळवे धाकट्याच्या खांद्यांच्या पुढच्या भागावर टेकवायचे, गळ्यापासून लांब. आधी हात टेकतात, मग थांबतात. धाकटा थोरल्याची मनगटं धरतो. प्रेक्षकांना तो प्रतिकार वाटतो, पण तो इथला होकार आहे. त्यानंतर धाकटा स्वतःच मनगटं सोडत, श्वास सोडत मागे जातो आणि थोरल्याचे हात फक्त त्याच्या मागून लांबतात. जोर शून्य. थोरल्याचं वजन मागच्या पायावर असावं, म्हणजे त्याला मनात आणूनही रेटता येणार नाही. रेटतोय की नाही हे ओळखायची एक चाचणी आहे. तालमीत मधूनच, धाकट्याला न सांगता, थोरल्याला मनगटं धरली जाताच हात काढून घ्यायला सांग. धाकटा तरीही तसाच, त्याच अंतरावर, त्याच तालात मागे गेला तर ढकलणं बरोबर आहे. तो अडखळला किंवा जागच्या जागी राहिला तर आतापर्यंत त्याला थोरला ढकलत होता. मनगटं धरली गेली नाहीत तर थोरला कॉलर पकडतो आणि तिथूनच प्रसंग पुढे नेतो, धाकटा पडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ लागेल तो पडण्याला, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. आपल्याला धाकटा पडायला नको आहे, तो पटकन बसून आडवा व्हायला हवा आहे. मागे दोन पावलं तो लडखडत जातो. ही पावलंही मोजलेली असतात. तिसरं पाऊल मागे पडतं तेव्हा पुढच्या पायाची मांडी सगळं वजन झेलत त्याला खाली आणते, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं. ढुंगण जमिनीपासून वीतभर उरेपर्यंत तो मांडीच्या ताब्यात असतो. मग एका बाजूचा मांसल भाग आधी टेकतो, मधलं माकडहाड नाही. तिथून पाठीवर तिरका लोळत तो दुसऱ्या बाजूच्या खांद्यापर्यंत जातो. हनुवटी छातीला टेकलेली आणि नजर स्वतःच्या पोटावर. पोटाकडे बघणाऱ्याचं डोकं मागे आपटत नाही. तोंडाने श्वास बाहेर सोडत राहायचं. श्वास कोंडून पडलं की पाठ ताठ होते आणि लोळण्याऐवजी माणूस फळीसारखा आपटतो.

हात मागे टेकवायचे नाहीत. पडताना हात मागे जाणं हा शरीराचा उपजत स्वभाव आहे आणि मनगटं मोडतात ती त्यामुळेच, कारण सगळं वजन एकदम मनगटावर येतं. शिकवताना धाकट्याला दोन्ही हातांनी एक उशी छातीशी धरायला लाव. उशी सुटली की समजायचं हात मागे गेला. सवय मोडल्यावर उशी काढ. मग पाठ टेकत असताना दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, जमिनीवर आपटायला सांग. त्यातून आवाजही मिळतो आणि थोडा धक्काही वाटला जातो.

एका दिवसात उभ्याने पडायला लावू नकोस. आधी जमिनीवर बसलेला असताना मागे लोळणं, मग उकिडवा बसून, मग अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवरून, मग उभ्याने, मग एक पाऊल घेऊन, शेवटी दोन. पहिले काही दिवस व्यायामाच्या गादीवर. गादी फार मऊ नको. तिच्यात पाऊल रुततं आणि घोटा मुरगळतो. पावलं टाकायला लागलात की ती पावलंही गादीवरच पडू दे, नाहीतर गादीच्या कडेला टाच अडकून भलतंच पडणं होईल. गादीनंतर सतरंजी, सतरंजीनंतर प्रयोगाची जमीन. रंगमंच लाकडी असेल तर तो थोडं झेलतो. फरशी काहीच झेलत नाही, तिथे कपड्यांच्या आतून कमरेला आणि कोपरांना पातळ पॅड लाव.

पडणं जमलंय की नाही यासाठी मी दोन खुणा बघतो. पहिली म्हणजे मी मध्येच टाळी वाजवतो आणि धाकट्याला त्याच स्थितीत थिजायला सांगतो. वीतभर अंतरापर्यंत तो कुठेही थांबू शकत असेल तर तो उतरतोय. थांबता येत नसेल तर तो पडतोय आणि एक दिवस वाईट पडेल. दुसरी म्हणजे हात न आपटता पडायला सांगतो आणि कान देतो. अंग जवळजवळ निःशब्द टेकलं पाहिजे. ‘ठक’ असा आवाज आला तर कुठलंतरी हाड जमिनीला भेटलं. एका तालमीत दहापेक्षा जास्त वेळा पाडू नकोस. मांड्या दमल्या की शेवटच्या वीतभरात त्या सोडून देतात आणि दमलेला मुलगा ते कबूल करत नाही.

वेगाबद्दल एकच नियम सांगतो, पण तो पाळणं अवघड आहे. पहिले चार-पाच दिवस सगळं पाण्याखाली चालल्यासारखं, संवादांशिवाय, मोठ्याने आकडे मोजत करायचं. यात मुलं नकळत एक गफलत करतात. मारणारा संथ असतो, पण मार खाणारा मान मात्र झटकन फिरवतो. दोघांचा वेग एकच हवा आणि तो दोघांतल्या संथ माणसाचा हवा. मग निम्म्या वेगावर या आणि तिथे संवाद जोडा. सगळ्यात शेवटी, खऱ्या भांडणाचा जो वेग असेल त्याच्या पाऊण वेगापर्यंत. त्यापुढे नाही, प्रयोगातही नाही. पूर्ण वेगात झालेली थोबाडीत प्रेक्षकाला दिसतच नाही, त्याला तेवढा वेळ लागतो. राग वाढवायचा असेल तर आवाजात वाढवा, श्वासात वाढवा, हातात नाही.

बॅकस्टेजवरच्या एखाद्या शांत डोक्याच्या मुलीला किंवा मुलाला या प्रसंगाचा राखणदार कर. मारामारीत नसलेलाच माणूस हवा. त्याच्याकडे वहीत प्रत्येक पाऊल, प्रत्येक हात, प्रत्येक होकार आकड्यांसकट लिहिलेला असेल. मारामारीपुरता त्याचा शब्द तुझ्याही वरचा. हे तुला टोचेल, पण ‘एकदा अजून, जरा जोरात’ हे वाक्य दर वेळी दिग्दर्शकाच्याच तोंडून येतं आणि दमलेल्या नटाला ते कधी नाकारता येत नाही.

थांबण्यासाठी एक शब्द ठरवा. ‘थांब’ चालणार नाही, ‘सोड’ही नाही, कारण भांडणाच्या प्रसंगात हे शब्द संवादात येणारच. ‘होल्ड’ ठेवा किंवा संहितेत शोधूनही न सापडणारा दुसरा कुठला. तो शब्द कोणीही उच्चारू शकतो, प्रकाशाच्या बोर्डावर बसलेला मुलगासुद्धा. उच्चारला की सगळे आहेत तिथे थिजतात. का म्हणाला, हे नंतर. तालमीत अधूनमधून काही कारण नसतानाही तो वापरा. पहिल्या वेळी दोघंतिघं थांबतील आणि बाकीचे चालू राहतील. सगळे एका दमात थांबायला लागेपर्यंत हे करत राहा.

प्रयोगात मात्र ओरडण्याआधी एक पायरी हवी. धाकटा पडून आडवा झाला की कोणत्या हाताचा अंगठा राखणदार उभा असेल त्या विंगेला दिसेल ते बघ. ठीक असेल तर तो त्या हाताचा अंगठा दोनदा हलवतो. राखणदार मनात तीनपर्यंत मोजतो. अंगठा हलला नाही तर तो प्रकाशवाल्याला खूण करतो, प्रकाश सावकाश उतरतो आणि पुढच्या प्रवेशातलं पात्र आधीच बसवलेलं एक वाक्य बोलत आत येऊन धाकट्यापाशी बसतं. प्रेक्षकांना तो प्रसंगाचा शेवट वाटेल. दुसरी खूण शब्दांची ठेवा. संहितेत थोरल्याला ‘दादा’ म्हणत असतील, तर धाकट्याने त्याला त्याच्या पात्राच्या पूर्ण नावाने हाक मारली की अर्थ एकच, मला लागलंय, यापुढची हाणामारी नको. थोरला तिथून पुढे नुसत्या संवादांवर जातो. आणि खरंच गंभीर असेल तर सगळ्या खुणा बाजूला ठेवून पडदा पाडायचा. त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही, हे आजच सगळ्यांना सांगून ठेव.

प्रत्येक प्रयोगाआधी, प्रेक्षक आत सोडायच्या अगोदर, दोघांनी हा प्रसंग रंगमंचावर दोनदा करायचा. एकदा संथपणे आकडे मोजत, एकदा प्रयोगाच्या वेगाने. त्याच कपड्यांत, त्याच चपला-बुटांत, त्याच प्रकाशात. ‘रोजच करतोय की’ म्हणून हे टाळलं जातं, ते टाळू देऊ नकोस. त्याच वेळी राखणदार दोघांच्या अंगठ्या, घड्याळं, गळ्यातलं, खिशातलं पेन आणि मोबाइल काढून घेईल. चष्मा पात्राला हवा असेल तर काच काढलेली फ्रेम वापर. मारामारी सुरू असताना प्रकाशाचा एकही बदल नको, धाकटा आडवा होऊन अंगठा हलेपर्यंत नाही. मी एकदा ब्लॅकआउट अर्धा सेकंद आधी आलेला पाहिलाय. पडणाऱ्याला एकदम काहीच दिसेना आणि त्याने हात मागे टाकला. त्यानंतर दीड महिना मनगट प्लास्टरमध्ये होतं.

एवढं करूनही कोणाचं डोकं आपटलं, तर तो त्या दिवशी पुन्हा उभा राहणार नाही, बरं वाटतंय म्हणाला तरी. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, प्रकाश सहन न होणं ही लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून त्याला एकट्याला खोलीवर पाठवू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, झटके आले किंवा झोपेतून नीट जागं होईना, तर थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात. अशा वेळी धाकट्याचं काम करायला बदली नट आणलास, तर त्याला थेट प्रसंगात घुसवू नकोस. त्याच्यासाठी बसून लोळण्यापासून सगळं पहिल्यापासून. तेवढे दिवस नसतील तर पडणं काढून टाक आणि न मारलेल्या थोबाडीवर प्रसंग संपव.

तुझ्याकडे अठरा दिवस आहेत, त्यामुळे हे सगळं बसतं. पण कानाच्या डॉक्टरांचं मत येईपर्यंत धाकट्याला पडण्याची तालीम देऊ नकोस. तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानातच असतो आणि तिथे काही बिघडलं असेल तर त्याची मागची पावलं चुकतील. तोवर थोरल्याचा आडवा हात बसवून घे. समोर कोणी उभं करायची गरज नाही, दोरीवर टांगलेली चादर पुरे. चादर हलता कामा नये.